दिवाणखाना आणि अंगण एकाच पातळीत: कोकणात घडीचं काचेचं दार बसवताना पाण्याचं काय करायचं?

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं घर बांधायला घेतलंय. जोतं झालंय, खांब उभे आहेत, वरचा बीम अजून ओतायचाय. दिवाणखान्याची पश्चिमेची बाजू जवळजवळ पूर्ण उघडी ठेवून तिथे घडी होऊन एका कडेला सरकणारं काचेचं दार लावायचं ठरलंय. उघडणी १५ फूट रुंद, ८ फूट उंच, पाच पल्ले. बाहेर १० फूट खोल फरसबंद पॅटिओ, त्यावर छप्पर नाही, पुढे बाग.

माझी अट एकच आहे. आतली फरशी आणि बाहेरची फरशी सलग हवी, मध्ये उंबरा नको, पायरी नको. आई वॉकर घेऊन चालते. सध्याच्या घरात तीन इंचांच्या उंबऱ्यामुळे ती मागच्या अंगणात जायचीच बंद झाली आहे.

ठेकेदार म्हणतो, "बाहेर एक इंच खाली ठेवू, पुरे होतं." दारवाला म्हणतो, "ट्रॅक फरशीत बुडवून देतो, काही होत नाही." आर्किटेक्टच्या नकाशात दारापाशी एक सरळ रेघ आहे, तिच्याखाली काय आहे ते कुठेच नाही. आणि जुलैतला आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. ज्यांनी असं दार केलंय किंवा बसवलंय त्यांनी सांगा, सलग पातळी ठेवून घर कोरडं राहतं का?

निशिकांत_८१

राहतं की! पुण्याला बाणेरच्या घरी आम्ही केलंय. पॅटिओला दारापासून बाहेरच्या दिशेने ढाळ द्यायचा, संपला विषय. पाणी चढावर जात नाही. गवंड्याला नळी धरून पातळी तपासायला लाव आणि दाराखाली ब्रशची पट्टी मारून घे. आमच्याकडे चार पावसाळे झाले, थेंब आत नाही.

केतकीचं_बन

निशिकांतदादा, तुमचं दार कुठल्या दिशेला आहे? आणि वर गॅलरी आहे का?

निशिकांत_८१

पूर्वेला. वर पहिल्या मजल्याची गच्ची पुढे आली आहे, पाचेक फूट असेल.

ओळंबा

निशिकांत, तुमच्या घरी पाणी येत नाही याचं मोठं श्रेय त्या पाच फुटांच्या गच्चीला आणि पूर्व दिशेला आहे. ढाळ हवाच, त्यात वाद नाही. पण ढाळ फक्त पॅटिओवर पडलेल्या पाण्याचा बंदोबस्त करतो. केतकीचं दार पश्चिमेला, समुद्राच्या वाऱ्यासमोर आहे. तिथे पाऊस आधी काचेवर आपटणार, काचेवरून ओघळून थेट दाराच्या बुडाशी येणार, आणि मागून वारा त्याला आत ढकलत राहणार. ते पाणी ढाळापर्यंत पोचतच नाही. दाराच्या खाचेतच ते येतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं बांधकामं पाहिली, त्यावरून लिहितो. थोडं लांबेल.

पाणी चढावर जात नाही, हे वारा नसताना खरं. वारा काचेवर जो दाब टाकतो तो पाण्याला वर उचलतो. आपल्या वाऱ्याच्या आयएस ८७५ या मानकात दाबाचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्यायचा, दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे दाब २४०. तेवढा दाब पाण्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, वर उचलून धरतो. ताशी ५४ किलोमीटरला हीच उंची १४ मिलिमीटर येते.

ट्रॅकच्या आतल्या कडेचं काम इथे येतं. ट्रॅकच्या बाहेरच्या खाचेत पाणी शिरणारच, ते तळाच्या भोकांतून बाहेर जावं अशी रचना असते. वारा ते जाऊ देत नाही, खाचेत पाणी तुंबतं आणि चढतं. त्या भोकांपासून आतल्या कडेच्या माथ्यापर्यंत जेवढी उंची, तेवढाच वारा ते दार सोसतं. नेहमीच्या दाराला ही कड फरशीच्या वर उभी असते. तोच आपला उंबरा. तुम्हाला तो नको असेल तर तेवढी उंची फरशीच्या खाली न्यावी लागते. तुमचा ठेकेदार एक इंच म्हणतो तो बाहेरच्या फरशीच्या माथ्याचा. मला त्या इंचाची गरजच नाही. मला फरशीखाली पाच-सहा इंच हवेत आणि तिथून पाणी बाहेर निघायला वाट हवी.

जोतं झालंय म्हणता, तर एक सांगा. पॅटिओखाली अजून फक्त माती आहे ना? आणि बागेची जमीन जोत्यापासून किती खाली आहे?

केतकीचं_बन

हो काका, पॅटिओच्या जागी अजून काहीच केलेलं नाही. बाग जोत्याच्या माथ्यापासून अडीच फूट खाली आहे. पॅटिओसाठी मुरुमाचा भराव टाकायचाय. आत कोटा घालणार आहोत, बाहेरही तोच.

ठाणे_पश्चिम

चांगला धागा. आमचाही हाच प्रश्न आहे. फ्लॅट सातव्या मजल्यावर, हॉलला जोडून बाल्कनी, मध्ये सरकती काच आणि चार इंचांचा कट्टा. तो कट्टा फोडून सलग फरशी करायची आणि असं घडीचं दार बसवायचं. किती खर्च येईल?

ओळंबा

ठाणेकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्या चार इंचांच्या कट्ट्यावर बाल्कनीचं वॉटरप्रूफिंग चढवलेलं असतं. तो फोडला की वॉटरप्रूफिंगची कडच जाते आणि पाणी खालच्या सहाव्या मजल्याच्या छतात दिसतं. स्लॅबखाली चर काढायला तुमच्याकडे जागा नाही. सोसायटी आणि तिचा इंजिनियर यांच्याशी बोलल्याशिवाय हात लावू नका. इथे जमिनीलगतचं घर आहे म्हणून हे जमतंय.

केतकी, अडीच फूट म्हणजे उत्तम. कागद घ्या आणि आतल्या कोट्याचा माथा शून्य धरा. पुढचं सगळं त्या शून्यापासून खाली मोजायचं.

आत २५ मिमी कोटा आणि खाली ४० मिमी मसाला, म्हणजे जोत्याचं काँक्रीट उणे ६५ वर. ट्रॅक जिथे बसणार तिथे काँक्रीटमध्ये साधारण १५० मिमी रुंद खाच लागेल आणि तिचा तळ उणे १०० च्या आसपास. दारवाल्याकडून ट्रॅकची नेमकी उंची लेखी घ्या आणि त्याप्रमाणे आकडा बदला. जोतं ओतून झालंय, तेव्हा कडेचं काँक्रीट यंत्राने कापून घ्यावं लागेल. घण घालू देऊ नका.

ट्रॅकला अगदी लागून बाहेर एक चर, दाराच्या पूर्ण लांबीचा आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त. रुंदी १५० मिमी. तळ मध्यभागी उणे १५०, दोन्ही टोकांना उणे २००. वर स्टीलची जाळी, तिचा माथा शून्यावर. जाळीच्या पुढे पॅटिओची फरशी शून्यापासून सुरू होऊन दर ८० मिमीला एक मिमी उतरत जाईल. १० फुटांत ती दीड इंच उतरते. आईच्या वॉकरला हा उतार जाणवणार नाही.

वॉटरप्रूफिंगचा थर चराच्या तळातून, चराच्या आतल्या भिंतीवरून वर येऊन ट्रॅकच्या खाचेत शिरला पाहिजे आणि ट्रॅकच्या मागे आतल्या बाजूला शून्याच्या जवळ जाऊन थांबला पाहिजे. ट्रॅक त्या थराच्या कुशीत बसतो. हे काम ट्रॅक यायच्या आधी होतं. नंतर सिलिकॉन मारून ते साधत नाही.

अ‍ॅल्युमिनियमवाला_चिपळूण

काकांशी सहमत, आणि आमच्या बाजूने एक भर. हा ट्रॅक गळतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच निघतं. आम्ही ट्रॅक ठेवून जातो, मागून गवंडी येतो आणि फरशी जमवताना ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला मसाला भरून घोटून टाकतो. तळाची भोकं बंद. मग पहिल्या झडीत खाच भरते आणि पाणी आत. मालक म्हणतो दार खराब. भोकं चराच्या हवेत उघडली पाहिजेत, मसाल्यात नाही. फरशी लावून होईपर्यंत त्या भोकांत लाल वायरचे तुकडे खोचून ठेवा. काम झाल्यावर सगळे तुकडे दिसले आणि सहज निघाले तर भोकं जिवंत आहेत.

दुसरं, दार वरून लटकवणार की खालच्या ट्रॅकवर चालवणार? दोन्ही मिळतं. ८ मिमी टफन काच घेतली तर चौरस मीटरला २० किलो. तुमचा पल्ला ३ फूट बाय ८ फूट, म्हणजे काच ४३-४४ किलो आणि चौकट धरून ५५ पर्यंत. पाच पल्ले म्हणजे पावणेतीनशे किलो. एवढं वजन नव्या बीमला टांगायला माझं मन होत नाही. मी खाली चालणारं सुचवेन. बीम थोडा वाकला तरी दार अडत नाही.

ओळंबा

इथे माझं मत वेगळं आहे. खाली चालणाऱ्या दाराचं सगळं वजन त्याच खाचेतल्या चाकांवर, आणि सलग फरशी असल्यावर बागेतली लाल माती, वाळू, पोफळीचा चोथा सगळं वाऱ्याने आणि पायांनी थेट त्या खाचेत येतं. उंबरा असताना थोडं तरी अडतं. चाकं खराब झाली की पाचही पल्ले उतरवावे लागतात. वरून लटकवलेल्या दाराला खाली फक्त दिशा धरणारी खाच लागते. तिच्यात माती साचली तरी ती झाडून काढता येते.

बीमची तुमची शंका रास्त आहे. आयएस ४५६ प्रमाणे भिंती वगैरे बांधून झाल्यावर बीमने स्पॅनच्या साडेतीनशेव्या भागाहून किंवा २० मिमीहून, जे कमी असेल त्याहून, जास्त वाकू नये. केतकीच्या १५-१६ फुटांना ते १३-१४ मिमी येतं. इमारतीसाठी एवढं ठीक, दारासाठी फार होतं. लटकत्या दाराला तीन-चार मिमीपलीकडे वाकलेलं चालत नाही, पल्ले खाली घासू लागतात. म्हणून बीम अजून ओतायचाय ही चांगली गोष्ट आहे. इंजिनियरला आजच सांगा की या बीमला दार लटकणार आहे, वाक एवढाच हवा. तो बीमची खोली वाढवेल. काँक्रीट भार आल्यावरही काही महिने हळूहळू वाकत राहतं, तेव्हा छपराचा पूर्ण भार आल्यानंतर जमेल तितक्या उशिरा दार बसवा.

अ‍ॅल्युमिनियमवाला_चिपळूण

काका, कागदावर सगळं बरोबर. पण इथे बीमच्या सेंट्रिंगचे टेकू किती दिवसांनी काढतात ते मी बघतो. इंजिनियर साइटवर उभा राहणार असेल तर लटकतं दार करा, नाहीतर खालचं. माझं मत बदललेलं नाही.

रेडिंगकर

इंग्लंडमधून. आमच्या घराला मागे असंच घडीचं दार आहे, इथे ते घरोघरी दिसतं. इथल्या नियमात व्हीलचेअरसाठी उंबरा जास्तीत जास्त १५ मिमी चालतो, आम्ही तेवढाच ठेवलाय. काका म्हणतात तसा चर आमच्याकडेही दारालगत आहे.

आणखी एक इथली पद्धत सांगते. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओल रोखणाऱ्या थराच्या १५० मिमी खाली ठेवायची असते. सलग पॅटिओ केला की हा नियम मोडतो, म्हणून दारासमोरच नाही तर पूर्ण भिंतीलगत एक फट किंवा खडीचा पट्टा सोडतात, म्हणजे फरशी भिंतीला टेकत नाही. आमच्या शेजारी तो पट्टा न सोडता फरशी भिंतीपर्यंत भिडवली आणि आतल्या गिलाव्याला फूटभर उंचीपर्यंत ओल आली. दार पूर्ण कोरडं होतं, म्हणून बरेच दिवस कारणच कळेना.

इथला पाऊस मात्र तुमच्यापुढे काहीच नाही. तुमच्याकडे एका दुपारी पडतो तेवढा इथे महिन्यात पडत असेल.

ओळंबा

रेडिंगकर ताई, पट्ट्याचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. केतकी, जांभ्याची भिंत असेल तर दुप्पट लक्ष द्या, जांभा पाणी ओढतो. चर दारापुरता न ठेवता पश्चिमेच्या पूर्ण भिंतीलगत न्या.

दापोलीचा_बापू

आमच्या जुन्या घरी पडवीला पावसाळ्यात झापं बांधायचे, झड आत येऊ नये म्हणून. ओटीपर्यंत पाणी यायचं ते पडवी ओलांडून येता येता संपायचं. तुम्ही पडवीच काढून टाकलीत आणि दिवाणखाना थेट पावसात नेलात. एवढं सगळं फरशीखाली करण्यापेक्षा वर छप्पर पुढे काढा. चार फूट वळचण द्या, दाराला पाणीच लागणार नाही.

आणि निसर्ग वादळात आमच्याकडे काय झालं ते पाहिलंय. त्या दिवशी तुमचा चर, ट्रॅक काही उपयोगाचं नाही.

ओळंबा

बापू, वळचण हवीच आणि चार फूट चांगली. पण ती कुठपर्यंत पुरते ते बघू. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. वारा ताशी ११ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३ मीटर असेल, तर वळचणीच्या कडेवरून निघालेला थेंब आठ फूट खाली येईपर्यंत साधारण पावणेचार फूट आत सरकतो. चार फुटांची वळचण दार कोरडं ठेवते. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला की तोच थेंब बारा फूट आत जायला बघतो. म्हणजे काच भिजलीच. रोजच्या पावसाला वळचण, झडीला चर, दोन्ही लागतं. वळचणीने आणखी एक होतं: छपराच्या पागोळ्या दारापासून चार फूट लांब पडतात, चरात पडत नाहीत.

निसर्गबद्दल तुमचं म्हणणं नाकारत नाही. ३ जून २०२० ला किनाऱ्यावर वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० ला वरचं सूत्र लावलं तर पाण्याची उंची ६८ मिमी येते. तेवढी खोली ट्रॅकला देणं अवघड. अशा दिवशी काही पाणी आत येईल असंच धरावं. बघायचं एवढंच की छप्पर, बाग आणि पॅटिओ यांचं पाणी त्यात मिसळू नये.

त्यासाठी दोन गोष्टी. छपराची पन्हळ या चरात सोडू नका. ६० चौरस मीटरच्या उतारावर तासाला १०० मिमी पाऊस पडला तर मिनिटाला १०० लिटर पाणी येतं. काचेवरून चरात येणारं पाणी, काचेवर तेवढाच पाऊस आपटला असं धरलं तरी, मिनिटाला १८-२० लिटर. दोन्ही एकत्र केलीत तर चर छपराचाच होऊन जातो. दुसरं, चर पानांनी तुंबला तर पाणी कुठे जाईल हे आधीच ठरवा. पॅटिओच्या बाहेरच्या कडेला कठडा किंवा कुंड्यांची सलग भिंत बांधू नका. ती कड दीड इंच खाली आणि मोकळी असेल तर तुंबलेलं पाणी जाळीतून वर येऊन पॅटिओवरून बागेत उतरेल. कठडा बांधला की पॅटिओची टाकी होते आणि टाकीची सगळ्यांत खालची कड म्हणजे तुमचा दिवाणखाना.

केतकीचं_बन

बाप रे, कडेला बसायचा कट्टा नकाशात आहे! फूटभर उंच, तिन्ही बाजूंनी.

ओळंबा

कट्टा ठेवा, पण सलग नको. पायांवर उभ्या बाकासारखा करा, खालून पाणी जाईल असा. निदान समोरची बाजू तरी मोकळी ठेवा.

चराचं पाणी दोन्ही टोकांना १०० मिमी पाइपातून न्या. पाण्याच्या हिशेबाने ७५ सुद्धा पुरेल, पण १०० मध्ये हात आणि ब्रश जातो. पाइपाचं तोंड बागेच्या उतारावर उघडं, डोळ्यांना दिसेल असं ठेवा. शोषखड्ड्यात सोडू नका. जुलैत खड्डा काठोकाठ भरतो आणि चरातलं पाणी जागचं हलत नाही. पाऊस चालू असताना छत्री घेऊन त्या तोंडाशी जायचं. धार येत असेल तर चर मोकळा आहे.

निशिकांत_८१

पटलं. माझ्याकडे वर गच्ची आहे हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. एक शंका, पॅटिओखाली अडीच फूट भराव म्हणताय, तो बसणार नाही का? आमच्या पार्किंगचे पेव्हर दुसऱ्या वर्षी घराकडे कलले होते.

ओळंबा

अगदी योग्य शंका. नव्या जोत्याच्या भिंतीलगतचा भराव नेहमी सगळ्यांत जास्त बसतो, कारण तिथे धुमस नीट पोचत नाही. भराव दाराजवळ बसला की तुमचा बाहेरचा ढाळ घराकडे होतो. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुमस करत भरा. जमलं तर एक पावसाळा भरावावरून जाऊ द्या. आणि पॅटिओचा काँक्रीटचा थर जोत्याच्या बीमला १२ मिमी सळ्या फुटा-फुटावर घालून जोडा. मग दाराकडची कड जोत्यावर टेकून राहते. बसलीच तर बाहेरची कड बसेल, ढाळ वाढेल, कदाचित मध्ये एखादी भेग येईल. पाणी तरी उलटं येणार नाही. चराचा तळ आणि भिंती याच काँक्रीटबरोबर ओता, नंतर विटांनी बांधू नका.

शिरीष_फोंडा

गोव्यातून. माझं असं दार दोन वर्षांपूर्वी झालं. आत पाणी येतं, पण कमी. ट्रॅकच्या दोन टोकांना कोपऱ्यात ओल दिसते, मधल्या भागात काही नाही. बसवणारा दर वेळी येऊन सिलिकॉन मारून जातो. कारण काय असेल?

अ‍ॅल्युमिनियमवाला_चिपळूण

फक्त कोपऱ्यात असेल तर उभी चौकट आणि खालचा ट्रॅक जिथे मिळतात तो सांधा. तिथे आतून, चौकट जोडतानाच सील करायला लागतं. वरून मारलेलं सिलिकॉन वर्षभरात सुटतं. मध्ये पाणी आलं असतं तर भोकं बंद किंवा उंची कमी असं म्हणालो असतो. आणि झड थांबल्यानंतर दोन-तीन दिवसांनी स्कर्टिंगला ओल चढत असेल तर दाराचा दोष नाही, खालच्या वॉटरप्रूफिंगची कड तुटली आहे.

शिरीष_फोंडा

ओल लगेच येते, त्याच रात्री. म्हणजे सांधा. पुढच्या वेळी चौकट उघडायला लावतो.

ओळंबा

उघडायच्या आधी चाचणी करा. पाऊस नसताना बाहेरून पाण्याचा पाइप घ्या, खालून सुरुवात करा. आधी फक्त ट्रॅकवर दहा मिनिटं, मग एका कोपऱ्यावर, मग उभ्या सांध्यावर वर वर जा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. ज्या टप्प्याला पाणी दिसेल ती जागा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. या चाचणीत वाऱ्याचा दाब नसतो, तेव्हा इथे कोरडं राहिलं म्हणून झडीत राहीलच असं नाही. पण इथेच गळलं तर सांध्याचा दोष नक्की.

केतकी, तुम्ही हीच चाचणी दारवाल्याचे शेवटचे पैसे द्यायच्या आधी करून घ्या. आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर, ट्रॅक बसायच्या आधी, चराची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा.

रेडिंगकर

केतकी, आईंच्या वॉकरसाठी दोन गोष्टी. रोज पाचही पल्ले कोणी उघडत नाही. चार पल्ले एका बाजूला घडी होणारे आणि पाचवा दुसऱ्या चौकटीला साध्या दारासारखा, असं करून घ्या. त्या एकट्या पल्ल्याची मोकळी रुंदी चौकट आणि मूठ वजा करून किती उरते ते विचारा, माझ्या सासूबाईंच्या व्हीलचेअरला ८०० मिमी लागले. आणि जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या घ्या. उभ्या फटींत पुढची छोटी चाकं अडकतात.

मला आणखी एक जाणवलं. आत-बाहेर एकच फरशी असली की वयस्कर माणसाला आत कुठे संपलं ते दिसत नाही. ओली फरशी कुठून सुरू होते ते कळायला हवं.

केतकीचं_बन

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आतला कोटा पॉलिश आणि बाहेरचा खडबडीत घेणार होते, पण रंग तोच हिरवट. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही कडा नीट दिसत नाहीत. मग जाळीच्या दोन्ही अंगांना वेगळ्या रंगाच्या दगडाची पट्टी घेऊ का?

दापोलीचा_बापू

घ्या. आणि खडबडीत कोट्यावरही श्रावणापर्यंत शेवाळ धरतंच. दर आठवड्याला काथ्याच्या ब्रशने घासायला कोण आहे ते ठरवा. माझा मुद्दा फक्त वळचणीचा नव्हता बरं का, काकांनी हिशेब छान मांडला. पण पडवी असती तर आईंना पावसातही बाहेर बसता आलं असतं. त्याचा विचार करा.

केतकीचं_बन

बापूकाका, खरंय. पॅटिओचा दाराकडचा सहा फुटांचा भाग छपराखाली घेता येईल का हे विचारते. सूर्यास्त थोडा झाकेल, पण आईला चार महिने घरात कोंडून राहावं लागणार नाही.

आज इंजिनियरशी बोलले. बीमची खोली वाढवायला तो तयार आहे, पण म्हणाला की उघडणीची उंची आठ फुटांवरून साडेसात होईल, नाहीतर बीम छपराच्या दिशेने वर उलटा घ्यावा लागेल. लटकतं की खालचं हे अजून ठरत नाहीये. चिपळूणच्या दादांचं म्हणणंही पटतं, टेकू काढायच्या वेळी मी तिथे नसेन.

जोत्याची कड कापायला ठेकेदार कुरकुरला, पण उणे ६५, उणे १०० आणि उणे १५० असं भिंतीवर खडूने लिहून दाखवल्यावर त्याला कळलं. म्हणाला, "ताई, हे आधी सांगितलं असतं तर ओततानाच खाच ठेवली असती."

अ‍ॅल्युमिनियमवाला_चिपळूण

साडेसात फूट चालतं, उलट पल्ला हलका होतो. मच्छरदाणीचं काय ठरवलंत? दार बाहेर घडी होणार असेल तर घड्यांची जाळी आतल्या बाजूला येते. तिची खालची पट्टी फरशीवर चार-पाच मिमी उभी राहते. आईंचा वॉकर तिच्यावरून जातो का ते आधी एक तुकडा फरशीवर चिकटवून बघा. आणि समुद्र किती लांब आहे ते सांगा. किलोमीटरभरात असाल तर चाकं, स्क्रू आणि चराची जाळी ३१६ स्टीलची लागेल. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात डाग धरतात.

केतकीचं_बन

समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटर. जाळीची पट्टी उद्याच फरशीवर चिकटवून आईला चालायला लावते. बेडूक आणि पिवळे खेकडे चरातून आत येतात का, हेही कुणाला माहीत असेल तर लिहा. आमच्या जुन्या घरी उंबऱ्यापाशी रोज एक तरी बेडूक बसलेला असतो.

शिरीष_फोंडा

चराच्या जाळीतून बेडूक येत नाहीत, फटी ८ मिमीच्या आहेत. पाइपाच्या तोंडातून मात्र शिरतात आणि चरात राहतात. मी तोंडाला बारीक जाळी लावली होती, ती पानांनी बंद झाली. आता रबराचं झडप लावलंय, पाणी आलं की उघडतं. खेकड्यांचं अजून जमलेलं नाही.

ओळंबा

झडप चांगलं. फक्त महिन्यातून एकदा हाताने हलवून बघा, माती धरली की ते चिकटून बसतं. केतकी, बीम उलटा घेणार असाल तर इंजिनियरचा आराखडा आला की इथे टाका. छपराचं पाणी त्या बीमच्या मागे अडतं का ते बघावं लागेल.